बजेटपेक्षा खर्च कमी, तरीही तोटा : लवचिक बजेट कसे करावे

महिना संपला की बहुतेक छोट्या कारखान्यांत एक तक्ता तयार होतो. डावीकडे खर्चाची नावे, त्यापुढे बजेटचा आकडा, मग प्रत्यक्ष खर्च आणि शेवटी फरक. फरकाच्या रकान्यात खर्च कमी दिसला की मालक निर्धास्त होतो आणि जास्त दिसला की सुपरवायझरला बोलावणे जाते. बजेट किती उत्पादन धरून केले होते आणि प्रत्यक्षात उत्पादन किती झाले, या दोन आकड्यांना मात्र त्या तक्त्यात सहसा जागाच नसते. हे दोन आकडे वेगळे असतील, तर फरकाच्या रकान्यावरून कुणाला शाबासकी देणे किंवा कुणाची झाडाझडती घेणे, दोन्ही चुकीचे ठरू शकते. हे कसे होते आणि त्यावर उपाय काय, ते एका उदाहरणातून सविस्तर पाहू.

समजा, नाशिक जिल्ह्यात पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना आहे. निफाड-दिंडोरी भागातल्या द्राक्ष बागायतदारांना आणि पॅकहाउसना तो पाच किलोचे खोके पुरवतो. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा भर हंगाम. फेब्रुवारीसाठी त्याने ५०,००० खोक्यांचे बजेट केले. आकडे समजावण्यापुरते सोपे घेतले आहेत, आणि महिन्यात बनलेला सगळा माल त्याच महिन्यात विकला गेला असे धरले आहे.

एका खोक्याला नेहमीची कात्रण धरून ३५० ग्रॅम क्राफ्ट कागद लागतो. कागदाचा भाव किलोला ४० रुपये, म्हणजे खोक्यामागे १४ रुपये. गोंद, तार आणि शाई मिळून १ रुपया. कामगारांना नगावर मजुरी, खोक्यामागे २ रुपये. विजेचे महिन्याला २०,००० रुपये ठरलेले आणि त्यावर खोक्यामागे ६० पैसे. शेडचे भाडे, सुपरवायझर व ऑफिसचे पगार, कर्जाचे व्याज, घसारा आणि विमा मिळून महिन्याला २,००,००० रुपये. विक्रीचा दर खोक्याला २४ रुपये. या हिशेबाने विक्री १२,००,०००, खर्च ११,००,००० आणि नफा १,००,००० रुपये.

प्रत्यक्षात अवकाळी पावसाने काही बागांचे नुकसान झाले, ऑर्डरी कमी आल्या आणि ४०,००० खोकेच गेले. दर तोच राहिला, त्यामुळे विक्री ९,६०,००० रुपयांची झाली. एकूण खर्च आला ९,७५,८०० रुपये.

जुना तक्ता काय सांगतो?

बजेट ११,००,०००, खर्च ९,७५,८००. तक्त्याच्या मते १,२४,२०० रुपयांची बचत झाली. एकेक ओळ पाहिली तर चित्र आणखी गोड दिसते. कागदावर ७,००,००० ऐवजी ६,०४,८०० खर्च झाले, म्हणजे ९५,२०० वाचले. मजुरी १,००,००० ऐवजी ८८,०००, म्हणजे १२,००० वाचले. विजेत ७,००० वाचले. एकाही ओळीत जादा खर्च दिसत नाही. आणि तरीही कारखान्याला त्या महिन्यात १५,८०० रुपयांचा तोटा झाला आहे.

यात बेरजेची चूक नाही, तुलना चुकीची आहे. ५०,००० खोक्यांना लागणारा कागद आणि ४०,००० खोक्यांना लागलेला कागद समोरासमोर ठेवला, तर दुसरा कमी भरणारच. त्या कमीपणात कुणाची काटकसर नाही. १०,००० खोके बनलेच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. एकाच उत्पादन पातळीला बांधलेल्या अशा बजेटला स्थिर बजेट म्हणतात. प्रत्यक्ष उत्पादन त्याच पातळीच्या आसपास असेल तोवर ते तुलनेला चालते. उत्पादन तिथून हलले की उत्पादन घटल्याचा परिणाम आणि खर्च हाताळण्यातला चांगुलपणा किंवा ढिलाई एकाच आकड्यात मिसळून जातात.

तेच बजेट ४०,००० खोक्यांसाठी मांडू

लवचिक बजेट म्हणजे महिना संपल्यावर सोयीने बदललेले बजेट नव्हे. खोक्यामागचे दर आणि महिन्याचे कायम खर्च आधी ठरले होते तेच ठेवायचे, फक्त प्रत्यक्ष उत्पादनाचा आकडा त्यात घालायचा. मग प्रश्न असा होतो : आपल्याच ठरलेल्या दरांनी ४०,००० खोक्यांना किती खर्च यायला हवा होता?

| खर्च | स्थिर बजेट (५०,०००) | लवचिक बजेट (४०,०००) | प्रत्यक्ष (४०,०००) | लवचिक बजेटशी फरक |
|---|---|---|---|---|
| कागद | ७,००,००० | ५,६०,००० | ६,०४,८०० | ४४,८०० जादा |
| गोंद, तार, शाई | ५०,००० | ४०,००० | ४०,००० | नाही |
| मजुरी | १,००,००० | ८०,००० | ८८,००० | ८,००० जादा |
| वीज | ५०,००० | ४४,००० | ४३,००० | १,००० कमी |
| कायम खर्च | २,००,००० | २,००,००० | २,००,००० | नाही |
| एकूण | ११,००,००० | ९,२४,००० | ९,७५,८०० | ५१,८०० जादा |

जिथे १,२४,२०० रुपयांची बचत दिसत होती, तिथे आता ५१,८०० रुपयांचा जादा खर्च दिसतो. महिना तोच आणि बिलेही तीच आहेत.

या तक्त्याचा खरा उपयोग म्हणजे नफ्यातली घट दोन भागांत वेगळी करता येते. ठरलेला नफा १,००,००० होता, झाला तोटा १५,८००. एकूण घसरण १,१५,८०० रुपयांची. ४०,००० खोक्यांवर सगळे ठरल्याप्रमाणे झाले असते, तर विक्री ९,६०,००० वजा खर्च ९,२४,००० म्हणजे ३६,००० रुपये नफा राहिला असता. म्हणून १,००,००० पासून ३६,००० पर्यंतची ६४,००० रुपयांची घट निव्वळ ऑर्डरी कमी आल्याने झाली. पडताळणी सोपी आहे : २४ रुपयांच्या खोक्यातून कागद, गोंद, मजुरी आणि विजेचे मिळून १७ रुपये ६० पैसे गेले की ६ रुपये ४० पैसे उरतात, १०,००० खोके कमी, म्हणजे ६४,०००. उरलेले ५१,८०० मात्र खर्चाच्या बाजूने गेले.

हे दोन प्रश्न दोन वेगळ्या माणसांना विचारायचे आहेत. ६४,००० बद्दल शेडमधल्या सुपरवायझरला जाब विचारण्यात अर्थ नाही. तो प्रश्न विक्रीचा आहे, आणि पाऊसच आडवा आला असेल तर पुढच्या हंगामात भाजीपाला किंवा इतर फळांच्या ऑर्डरी मिळवता येतील का, हे पाहण्याचा आहे. ५१,८०० चा शोध मात्र खरेदी, गोदाम आणि शेड यांत घ्यावा लागेल.

जादा खर्चाच्या आत काय आहे?

कागदाची ओळ सगळ्यात मोठी आहे, म्हणून आधी तीच उघडू. महिन्यात १४,४०० किलो कागद लागला आणि तो सरासरी ४२ रुपये भावाने आला. ४०,००० खोक्यांना ३५० ग्रॅमप्रमाणे १४,००० किलो पुरायला हवा होता. भावातल्या २ रुपयांच्या वाढीने १४,४०० किलोवर २८,८०० रुपये गेले. ४०० किलो कागद जास्त लागला, त्याचे ठरलेल्या ४० रुपये भावाने १६,००० रुपये. दोन्ही मिळून बरोबर ४४,८०० होतात.

भावाचा प्रश्न खरेदीकडे जातो. बाजारच चढला का, की ऑर्डरी कमी म्हणून थोडी थोडी रिळे घेतली आणि मोठ्या खरेदीवरची सूट गेली? जादा कागदाचा प्रश्न शेडकडे जातो. रिळाची रुंदी खोक्याच्या मापाशी जुळत नसली तर कडेची पट्टी जास्त जाते. गोंद नीट न धरल्याने पत्रे बाद होतात. छोट्या ऑर्डरी आल्या तर माप आणि छपाई वारंवार बदलावी लागते आणि दर वेळी मशीन लावताना सुरुवातीचे काही पत्रे वाया जातात. हे शेवटचे कारण निघाले, तर सुपरवायझरची ढिलाई म्हणता येणार नाही. मशीन लावतानाची नासाडी खोक्यांच्या संख्येवर अवलंबून नसते, ऑर्डरींच्या संख्येवर असते. पुढच्या बजेटात तिची वेगळी ओळ करावी. म्हणजे फरक सापडला की तपास सुरू होतो, निकाल नंतर लागतो.

मजुरीचेही तसेच. नगावर मजुरी म्हणून आपण ती पूर्ण बदलता खर्च धरली. पण ऑर्डर नसलेल्या दिवशी कामावर आलेल्यांना रोज द्यावा लागला आणि त्यात ८,००० गेले. हंगामात कसबी माणसे टिकवायची तर हा खर्च टळणारा नाही. मग मजुरीतही थोडा कायम भाग आहे हे मान्य करून बजेट सुधारावे.

खर्चाची विभागणी कशी करावी?

लवचिक बजेटचा सगळा भार या विभागणीवर असतो. मागच्या बारा महिन्यांची बिले आणि त्या त्या महिन्याचे उत्पादन एका वहीत किंवा शीटमध्ये समोरासमोर लिहा. कागदासारखे काही खर्च उत्पादनाबरोबर सरळ वाढतात आणि घटतात. भाड्यासारखे काही उत्पादन कितीही असो, तेवढेच राहतात. अडचण येते ती मिश्र खर्चांची. वीज, दुरुस्ती, टेम्पो आणि फोन हे बहुधा मिश्र असतात.

विजेचे बिल याचे नेहमीचे उदाहरण आहे. औद्योगिक ग्राहकाच्या बिलात स्थिर किंवा मागणी आकाराची ओळ असते आणि वापरलेल्या युनिटांवरच्या आकारांच्या ओळी वेगळ्या असतात. पहिली ओळ मशीन कमी चालले म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. बिलावरून विभागणी जमत नसेल, तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उत्पादनाचे महिने घ्या. समजा, ५५,००० खोक्यांच्या महिन्यात वीज ५३,००० रुपये आणि ३०,००० खोक्यांच्या महिन्यात ३८,००० रुपये. २५,००० खोक्यांच्या फरकाला १५,००० रुपये, म्हणजे खोक्यामागे ६० पैसे. ५५,००० खोक्यांचे ३३,००० वजा केले की २०,००० उरतात, तो कायम भाग.

ही पद्धत झटपट आहे, पण दोनच महिन्यांवर उभी आहे. त्यांतल्या एका महिन्यात मशीन बिघडले असेल, दंड लागला असेल किंवा मध्येच वीजदर बदलला असेल, तर उत्तर चुकेल. म्हणून बाराही महिन्यांचे ठिपके आलेखावर मांडून पाहा. एखादा ठिपका फार लांब पडला असेल, तर तो महिना सोडून द्या. आणखी एक खबरदारी : बिलाचा कालावधी आणि उत्पादनाचा महिना जुळतो का ते तपासा. रीडिंग १५ तारखेला होत असेल, तर फेब्रुवारीच्या बिलात अर्धा जानेवारी असतो.

विभागणी चुकली तर काय होते, तेही आपल्याच तक्त्यात दिसते. कुणी विजेचे सगळे ५०,००० रुपये बदलते धरून एक पंचमांश कमी केले, तर ४०,००० खोक्यांना ४०,००० रुपये मिळतात. प्रत्यक्ष ४३,००० म्हणजे ३,००० जादा असे दिसले असते. खरे तर विजेत १,००० रुपये वाचले आहेत.

सरासरी खर्चाने गुणू नका

याच चुकीचे मोठे रूप फार ठिकाणी दिसते. ११,००,००० भागिले ५०,००० म्हणजे खोक्याला २२ रुपये खर्च, हे एकदा डोक्यात बसले की ४०,००० खोक्यांना ८,८०,००० लागायला हवेत असा हिशेब केला जातो. मग जादा खर्च ५१,८०० ऐवजी ९५,८०० दिसतो. वरचे ४४,००० कुणीच उधळलेले नाहीत. भाडे, पगार आणि विजेचा कायम भाग मिळून २,२०,००० रुपये आहेत. त्यांचा पाचवा हिस्साही खोक्यांबरोबर घटला असे या हिशेबात धरले गेले, म्हणून हा फुगवटा आला. घरमालक खोके मोजून भाडे कमी करत नाही.

उत्पादन वाढल्यावर उलटी चूक

ऑर्डरी वाढल्या की स्थिर बजेट चांगल्या कामाला दोष देते. याच कारखान्यात समजा ६०,००० खोके गेले आणि खर्च १२,५०,००० झाला. स्थिर बजेटशी तुलना केली तर १,५०,००० जादा. पण ठरलेल्या दरांनी ६०,००० खोक्यांना १२,७६,००० लागायला हवे होते, म्हणजे २६,००० वाचले. अशा महिन्यात सुपरवायझरला बोल लावला, तर पुढच्या वेळी तो जादा ऑर्डर घ्यायला कां-कू करेल, आणि त्याचे चुकणार नाही.

इथे मर्यादाही लक्षात ठेवावी. दर आणि कायम खर्च एका टप्प्यापुरतेच खरे असतात. ६५,००० च्या वर दुसरी पाळी लावावी लागत असेल, तर आणखी एक सुपरवायझर येतो, ओव्हरटाइम येतो आणि कायम खर्च एकदम पायरी चढतो. ३०,००० ते ६५,००० या अनुभवातून काढलेले सूत्र ९०,००० खोक्यांना लावू नये. बजेटच्या कागदावर हा टप्पा लिहूनच ठेवावा.

कशाने मोजायचे?

आपल्या उदाहरणात एकाच मापाचे खोके होते. प्रत्यक्षात पाच किलोचे, दोन किलोचे, तीन प्लायचे, पाच प्लायचे असे सगळे असतात. छोटे खोके जास्त गेले तर नगांची संख्या वाढते, पण कागद तेवढा लागत नाही. तेव्हा नगांवर केलेले लवचिक बजेट पुन्हा फसवते. अशा वेळी कागदाचे किलो हे माप बरे पडते. मात्र त्यात एक खाच आहे. प्रत्यक्ष वापरलेले किलो माप म्हणून धरले, तर नासाडी जितकी जास्त, तितके बजेट वाढते आणि नासाडी लपते. म्हणून तयार झालेल्या चांगल्या खोक्यांना ठरल्याप्रमाणे जेवढे किलो लागायला हवेत, तेवढे किलो धरावेत. वर आपण १४,००० किलो धरले, १४,४०० नाही, ते याच कारणाने.

शीटमध्ये मांडणी

यासाठी वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. साध्या शीटमध्ये बी रकान्यात प्रत्येक खर्चाचा कायम भाग, सी रकान्यात खोक्यामागचा दर आणि ई-१ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन लिहा. डी रकान्यात हे सूत्र घालून खाली ओढा :

```
=B2+C2*$E$1
```

कागदाच्या ओळीत बी शून्य असेल, भाड्याच्या ओळीत सी शून्य असेल, विजेच्या ओळीत दोन्ही असतील. महिन्याअखेर फक्त ई-१ बदलायचे. बी आणि सी मधले आकडे वर्षाच्या सुरुवातीला ठरवून लॉक करावेत. प्रत्यक्ष खर्च पाहून दर बदलायला लागलात, तर प्रत्येक फरक शून्यावर येईल आणि तक्त्यातून काहीच कळणार नाही. कागदाचा भाव कायमचा बदलला असेल, तर पुढच्या तिमाहीपासून नवा दर लावा आणि तारखेसह नोंद करा.

मग स्थिर बजेट फेकून द्यायचे का?

नाही. हंगामापूर्वी किती कागद बांधून ठेवायचा, किती माणसे ठरवायची, बँकेकडे कॅश क्रेडिटची किती मर्यादा मागायची, हे ५०,००० चा अंदाज धरूनच ठरवावे लागते. विक्रीचे उद्दिष्टही त्यातूनच येते. ५०,००० च्या ऐवजी ४०,००० का गेले, हा प्रश्न विचारायलाही तेच लागते. म्हणून तक्त्यात तीनही रकाने ठेवा : स्थिर, लवचिक आणि प्रत्यक्ष. पहिल्या दोघांमधला फरक उत्पादन आणि विक्रीबद्दल बोलतो, शेवटच्या दोघांमधला खर्चाबद्दल. पहिला आणि तिसरा थेट जोडून कुणाच्या कामाचा निकाल लावू नका.

या महिन्याचा तक्ता हातात आला की सर्वांत वर दोन आकडे लिहून घ्या : बजेट किती नगांचे आणि उत्पादन किती नगांचे. ते जुळत नसतील, तर मधला रकाना भरून होईपर्यंत कुणाचे अभिनंदन करू नका आणि कुणाला जाबही विचारू नका.